वॉर्डात सेप्सिस वेळेत ओळखायचा कसा आणि पहिल्या तासात सिस्टरने काय करायचं

जनरल वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या स्टाफ नर्ससाठी हे लिहितेय. समोर मोठ्या माणसांचा मेडिकल किंवा सर्जिकल वॉर्ड आहे, नाईटला दोन सिस्टर आणि एक मावशी आहेत, ऑन-कॉल डॉक्टर कॅज्युअल्टीत अडकलेत, असं धरून चाललेय. आयसीयूत मॉनिटर ओरडून सांगतो. वॉर्डात सांगणारं कोणी नसतं, तिथे आपणच जाऊन बघावं लागतं.

सेप्सिस म्हणजे नुसतं इन्फेक्शन नाही. इन्फेक्शन लघवीच्या मार्गात, छातीत, पोटात किंवा मधुमेह्याच्या पायाच्या जखमेत कुठेही असू शकतं. पण त्याला तोंड देताना शरीराचा प्रतिसादच इतका बिघडतो, की ज्या अवयवांचा त्या इन्फेक्शनशी संबंध नाही तेही ढासळायला लागतात. २०१६ साली ठरलेली व्याख्या हीच आहे: इन्फेक्शनमुळे बिघडलेला प्रतिसाद आणि त्यातून जिवावर बेतणारा अवयवांचा बिघाड. म्हणून वॉर्डात आपण ताप शोधत नसतो. मेंदू, फुफ्फुसं, रक्ताभिसरण आणि किडनी यांतलं कोण मागे पडतंय, ते शोधत असतो. यातल्या बऱ्याच गोष्टी घड्याळ, बीपीचं मशीन आणि दोन मिनिटांचं बोलणं एवढ्यावर कळतात.

श्वास मोजायचा, लिहायचा नाही

कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट उघडा. श्वासाच्या रकान्यात ओळीने १८, २०, २०, १८ दिसेल. सगळ्या पेशंटचा, सगळ्या वेळी. हे आकडे मोजलेले नसतात, भरलेले असतात. आणि सेप्सिसमध्ये बऱ्याचदा सगळ्यात आधी बदलतो तो हाच आकडा. पेशींना पुरेसं रक्त पोचेनासं झालं की रक्तात आम्ल साठू लागतं, आणि ते बाहेर टाकायला शरीर श्वास वाढवतं. बीपी तेव्हा अजून ठीक असतं, कारण शिरा आकसून आणि हृदय जोरात पळून ते सांभाळत असतात. बीपी पडलेलं दिसतं तेव्हा ही सांभाळासांभाळ संपलेली असते.

मोजायची पद्धत सोपी आहे, पण पूर्ण एक मिनिट द्यावा लागतो. पल्स मोजायला मनगट धरा. पल्स मोजून झाली तरी हात सोडू नका, तसाच धरून छातीकडे किंवा पोटाकडे बघत श्वास मोजा. श्वास मोजताहेत हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, एका श्वासाची चूक तिथे चार श्वासांची होते. नुकताच बाथरूमहून चालत आला असेल तर पाच मिनिटांनी परत या. आणि नुसता आकडा नको: मानेचे स्नायू ओढले जाताहेत का, बोलताना वाक्य मध्येच तुटतंय का, हेही बघा.

दोन वाक्यं बोलायची

दुसरी गोष्ट म्हणजे शुद्ध. डोळे उघडे आहेत म्हणून चार्टवर ‘कॉन्शस, ओरिएंटेड’ लिहून पुढे जाण्याची सवय वॉर्डात फार आहे. “जेवलात का?” या प्रश्नाला “हो” असं उत्तर गोंधळलेला माणूसही देतो. प्रश्न असा हवा की उत्तरासाठी विचार करावा लागेल: “आजी, तुमच्यासोबत रात्री कोण थांबलंय?”, “आता सकाळ आहे की रात्र?”, “हे कुठलं गाव?” आणि सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे शेजारी बसलेली सून किंवा मुलगा. त्यांना विचारा, “या नेहमी अशाच बोलतात का?” “नाही हो सिस्टर, संध्याकाळपासून काहीतरीच बरळताहेत,” असं उत्तर आलं तर तो नवा गोंधळ समजायचा. वय झालंय म्हणून, झोप नाही म्हणून, अशी कारणं आपण लावायची नाहीत.

गोंधळलेल्या किंवा गुंगीतल्या प्रत्येक पेशंटची शुगर ग्लुकोमीटरवर लगेच बघायची. शुगर कमी असेल तर तो वेगळा आणि दोन मिनिटांत सुटणारा प्रश्न आहे. सेप्सिसमध्येही शुगर पडू शकते, त्यामुळे ती दुरुस्त केल्यावर पेशंटकडे पुन्हा बघायला विसरू नका.

ताप आणि बीपी यांच्या फसव्या बाजू

ताप नाही म्हणून सेप्सिस नाही, असं होत नाही. म्हातारी माणसं, डायलिसिसवरचे, स्टिरॉइडवरचे, केमो चालू असलेले पेशंट कित्येकदा तापतच नाहीत. संध्याकाळी पॅरासिटामॉल दिलं असेल तर रात्री दहाचं तापमान काहीही सांगत नाही. उलट अंग गार पडणं, म्हणजे ३६ किंवा त्याखाली, हे जास्त काळजीचं आहे. ताप उतरला म्हणून नातेवाईक खूश असतात, त्या वेळी आपण पल्स आणि श्वास बघायचा. ताप उतरला आणि पल्स मात्र चढतच राहिली, तर काहीतरी बिनसलंय.

पल्सही फसवते, ती उलट्या बाजूने. बीपीसाठी किंवा हृदयासाठी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल घेणाऱ्याची पल्स वाढायला हवी तेवढी वाढत नाही. केस पेपरवरची औषधं एकदा नजरेखालून घालणं यासाठी गरजेचं.

बीपीच्या बाबतीत पेशंटचं नेहमीचं बीपी माहीत हवं. एरवी १५० असणाऱ्याला ११० म्हणजे मोठी घसरण आहे, पण स्कोअरच्या चार्टवर त्याला फार तर एकच गुण मिळेल. वरचं बीपी नेहमीपेक्षा ४० ने उतरलं असेल, तर स्कोअर काहीही येवो, डॉक्टरांना कळवा. बारीक दंडाला मोठा कफ बांधला तर बीपी खरं आहे त्यापेक्षा कमी येतं आणि जाड दंडाला छोटा बांधला तर जास्त येतं. शंका आली तर हाताने, स्टेथोस्कोप लावून घ्या.

स्कोअर लावायचा कसा

निरीक्षणं एकत्र करायला आता बऱ्याच हॉस्पिटलांत न्यूज-२ हा स्कोअर वापरतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१७ मध्ये सुधारून दिला. श्वास, ऑक्सिजन सॅच्युरेशन, ऑक्सिजन चालू आहे की नाही, वरचं बीपी, पल्स, शुद्ध आणि तापमान, या सात गोष्टींना गुण द्यायचे. जितकं बिघडलेलं तितके जास्त गुण. पूर्ण तक्ता ट्रॉलीवर चिकटवून ठेवा, पाठ करायची गरज नाही. पण दोन ओळी लक्षात असू द्या: श्वास २१ ते २४ असेल तर २ गुण, २५ किंवा वर गेला की ३, आणि नवा गोंधळ असेल, किंवा पेशंट फक्त हाकेला, दुखवल्यावर किंवा कशालाच प्रतिसाद देत नसेल, तर सरळ ३.

बेरीज ५ किंवा ६ आली आणि कुठेही इन्फेक्शनची शक्यता असली, की सेप्सिसचा विचार करून डॉक्टरांना लगेच बोलवायचं आणि निरीक्षण निदान तासाला करायचं. ७ किंवा वर म्हणजे इमर्जन्सी. बेरीज कमी असूनही एकाच रकान्यात ३ आले, तरी डॉक्टरांनी तातडीने बघायला हवं.

तुम्ही शिकताना कदाचित क्विक सोफा शिकला असाल: श्वास २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, शुद्ध बदललेली. तीनपैकी दोन असले की धोका. तो चुकीचा नाही, पण उशिरा बोलतो, बरेच पेशंट त्याच्या हातून निसटतात. म्हणूनच २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सर्व्हायव्हिंग सेप्सिस मार्गदर्शक सूचनांनी स्क्रीनिंगसाठी एकट्या क्विक सोफावर विसंबू नका असं सांगितलंय.

न्यूज-२ गरोदर बायकांना आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना लावायचा नाही. त्यांचे नॉर्मल आकडेच वेगळे असतात, मॅटर्निटी आणि पेडियाट्रिकचे वेगळे चार्ट आहेत. सीओपीडीच्या पेशंटला, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल तर, सॅच्युरेशनचा दुसरा रकाना लागतो. त्यात ८८ ते ९२ हे ठीक धरतात.

एक पेशंट, एक रात्र

आता एक नमुना पेशंट घेऊ. फिमेल मेडिकल वॉर्ड, बेड ११, वय ६२, वजन ५४ किलो, मधुमेह आणि बीपी. तीन दिवस ताप, लघवीला जळजळ, उजव्या कुशीत दुखतंय. संध्याकाळी सहाला ॲडमिट झाल्या तेव्हा तापमान ३८.४, पल्स ९८, श्वास १८, बीपी १२६/७८, सॅच्युरेशन ९७, व्यवस्थित बोलत होत्या. स्कोअर २: तापाचा एक, पल्सचा एक. साडेसहाला पॅरासिटामॉल दिलं.

रात्री दहाच्या राउंडला तापमान ३६.४. सून म्हणते, “ताप उतरला सिस्टर, शांत झोपल्यात.” पल्स ११२, बीपी १०४/६०, सॅच्युरेशन ऑक्सिजनशिवाय ९५. समजा, श्वास न मोजता २० लिहिला आणि झोपलेल्या बाईंना न उठवता ‘कॉन्शस’ लिहिलं. पल्सचे २, बीपीचा १, सॅच्युरेशनचा १. बेरीज ४. चार म्हणजे चार-सहा तासांनी परत बघायचं. म्हणजे रात्रीचे दोन वाजणार.

आता तेच काम नीट करू. एक मिनिट मोजला, श्वास २६: तीन गुण. हलवून उठवलं, “सोबत कोण आहे?” विचारलं, तर सुनेला त्या बहिणीच्या नावाने हाक मारतात: आणखी तीन. बेरीज १०. पेशंट तोच, मिनिट तोच. चारचे दहा झाले ते फक्त मोजल्यामुळे आणि बोलल्यामुळे. शिवाय ओपीडीच्या जुन्या कागदावर त्यांचं बीपी १४६ होतं, आणि संध्याकाळपासून लघवीला गेल्याच नाहीत असं सून सांगते.

घड्याळात १०.०५ झालेत. ही वेळ केस पेपरवर लिहा. पहिला तास इथून सुरू होतो, डॉक्टर आल्यापासून नाही.

फोन कसा करायचा

“सर, बेड अकराला बरं वाटत नाहीये, जरा येऊन जाता का?” या वाक्यावर रात्री कोणी धावत येत नाही, आणि त्यात त्यांची फारशी चूकही नाही. पेशंट कोण, काय झालं, आकडे काय, तुम्हाला काय वाटतं आणि काय हवंय, हे अर्ध्या मिनिटात सांगायचं:

“सर, फिमेल मेडिकलमधून सिस्टर बोलतेय. बेड ११, ६२ वर्षांच्या बाई, मधुमेह, लघवीच्या इन्फेक्शनसाठी सहाला ॲडमिट. आता श्वास २६, पल्स ११२, बीपी १०४/६०, नेहमीचं १४६. नव्याने गोंधळल्यात. शुगर २१२. न्यूज स्कोअर संध्याकाळी २ होता, आता १०. मला सेप्सिस वाटतोय. तुम्ही लगेच या. तोवर मी लाइन घेऊन ब्लड कल्चर आणि लॅक्टेट पाठवू का? अँटिबायोटिक कुठलं तयार ठेवू? ॲलर्जी नाही, विचारून घेतलंय.”

फोनवर मिळालेली ऑर्डर लिहायची, परत वाचून दाखवायची, वेळ टाकायची आणि डॉक्टर आले की सही घ्यायची. फोन उचलला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा करा, मग त्यांच्या वरच्या डॉक्टरांना. कोणाला किती वाजता फोन केला तेही लिहा. हॉस्पिटलमध्ये सेप्सिसची स्टँडिंग ऑर्डर असेल तर कल्चर आणि लॅक्टेटसाठी फोनची वाट बघावी लागत नाही. रुजू झाल्या झाल्या इन्चार्ज सिस्टरना विचारून ठेवा.

तासाभराची कामं, ज्या क्रमाने हाताला येतात

कामं दोघींत वाटून घ्या. एकीने पेशंटजवळ थांबायचं, दुसरीने सामान, औषध आणि फोन. मावशींना लॅबमध्ये कोण जाणार हे आधीच सांगा.

ऑक्सिजन पहिला बघायचा, पण प्रत्येकाला मास्क लावायचा नाही. ९४ ते ९८ राखायचं आहे. आपल्या पेशंटला ९५ आहे, तर ऑक्सिजन नको, प्रोब लावून नजर ठेवा. बोटं गार पडली असतील किंवा नेलपॉलिश असेल तर सॅच्युरेशन चुकतं. बोट चोळा, बदला, नाहीतर कानाच्या पाळीला लावा.

मग व्हेन. हिरवा १८ नंबर मिळाला तर उत्तम, नाहीतर गुलाबी २०. निळ्या २२ नंबरमधून पाणी हवं तेवढ्या वेगाने जात नाही. दुसरी लाइनही घेऊन ठेवा, अँटिबायोटिक आणि सलाईन एकाच वेळी द्यावं लागेल.

ब्लड कल्चर अँटिबायोटिकच्या आधी काढायचं. पहिला डोस गेला की रक्तातले जंतू सापडण्याची शक्यता झपाट्याने कमी होते, आणि मग तीन दिवसांनी डॉक्टरांना अंदाजानेच औषध बदलावं लागतं. दोन वेगळ्या जागांवरून रक्त घ्या. सलाईन चालू असलेल्या हातातून नको, जुन्या कॅन्युलातूनही नको. क्लोरहेक्सिडिन-स्पिरिटने जागा तीस सेकंद घासा आणि वाळू द्या. जंतू वाळताना मरतात, फुंकर मारून वाळवू नका, आणि पुसल्यावर व्हेन पुन्हा चाचपू नका. बाटलीचं झाकण काढलं की खालच्या रबराला स्पिरिट लावा, ते निर्जंतुक नसतं. मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं. वॉर्डात दोन-तीन मिलीवर भागवतात आणि मग रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ येतो, त्यात नवल काही नाही. रक्त कमी मिळालं तर एरोबिक बाटली आधी भरा. बाटलीवर जागा आणि वेळ लिहा. लॅब बंद असली तर बाटली फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेरच ठेवा.

व्हेन मिळेना, कल्चरला वेळ जातोय, असं झालं तर अँटिबायोटिक थांबवायचं नाही. कल्चरपायी पाऊण तास गेला तर आपण उलटं काम केलं.

त्याच वेळी लॅक्टेट. राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये, किंवा ब्लड गॅसच्या मशीनवर हेपरिनच्या सिरिंजमध्ये. टूर्निके घट्ट बांधून, मूठ उघडझाप करायला लावून घेतलेल्या रक्तात लॅक्टेट खोटंच वाढलेलं येऊ शकतं. सँपल लगेच पाठवा, वेळ लागणार असेल तर बर्फात ठेवा. २ च्या वर काळजीचं, ४ किंवा जास्त म्हणजे शॉकइतकंच गंभीर. नेब्युलायझरमधलं सालब्युटामॉल, नुकतीच आलेली फिट, लिव्हरचा आजार यांनीही ते वाढतं, हे डॉक्टरांना सांगायला हवं.

तालुक्याच्या ठिकाणी रात्री लॅक्टेट मिळत नाही, मग काय? बोट वापरा. बोटाच्या टोकाचा मऊ भाग काचेच्या स्लाइडने पांढरा पडेपर्यंत दाबा, दहा सेकंद तसाच धरा, सोडा आणि रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजा. तीनच्या वर गेले तर रक्त टोकापर्यंत पोचत नाहीये. लॅटिन अमेरिकेतल्या पाच देशांतल्या अँड्रोमेडा-शॉक या अभ्यासात (२०१९) सेप्टिक शॉकचे उपचार या बोटाच्या तपासणीवर बेतले, आणि ते लॅक्टेटवर बेतलेल्या उपचारांपेक्षा कमी पडले नाहीत. फुकटची तपासणी आहे, दर अर्ध्या तासाने करा. खोली थंडगार असेल तर मात्र तिचा फार भरवसा धरू नका.

आपल्या पेशंटला १०.२० ला डॉक्टर आले, तोवर बीपी ८८/५० झालं होतं. इथे सरासरी दाब काढायला शिका: खालचं बीपी दुप्पट करा, त्यात वरचं मिळवा, तीनने भागा. ५० दुणे १००, अधिक ८८, भागिले तीन: ६३. लक्ष्य असतं ६५.

म्हणून सलाईन. ज्याचं बीपी पडलंय किंवा लॅक्टेट ४ किंवा वर आहे, त्याला किलोमागे ३० मिली, पहिल्या तीन तासांत. ५४ गुणिले ३० म्हणजे १६२० मिली, तीन बाटल्या आणि वर थोडं. आरएल चालतं, एनएसही. पण हे एकदम ओतायचं नसतं. पहिली ५०० ची बाटली पंधरा ते तीस मिनिटांत, क्लॅम्प पूर्ण उघडून. मग थांबून बघायचं: बीपी, श्वास, सॅच्युरेशन, छातीच्या तळाशी घरघर. श्वास वाढला, सॅच्युरेशन उतरलं, खोकला सुरू झाला तर ड्रिप मंद करा आणि बोलवा. हृदय अशक्त असलेल्याला किंवा डायलिसिसच्या पेशंटला डॉक्टर २५०-२५० करून देतात, तेव्हा प्रत्येक टप्प्यानंतर तपासणं आणखी गरजेचं. पावसाळ्यात आपल्याकडे आणखी एक भानगड असते. ताप, पडलेलं बीपी, थकलेला पेशंट: तो डेंगीही असू शकतो, आणि डेंगीत पाण्याचा हिशोब वेगळा. प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट पाठवायची आठवण करा, मलेरियाची टेस्टही.

अँटिबायोटिक कुठलं, हे डॉक्टर ठरवतात. आपलं काम ते वेळेत शिरेत जाईल असं बघणं. शॉक असेल किंवा सेप्सिस जवळजवळ नक्की वाटत असेल तर एका तासात. शॉक नाही आणि निदानाबद्दल शंका आहे, तर चटकन तपासून तीन तासांपर्यंत. वेळ जातो तो औषध आणण्यात. चिठ्ठी लिहिली, नातेवाईक खाली मेडिकलला गेले, तिथे रांग, परत आले तर एक व्हायल कमी. इमर्जन्सी ट्रेमध्ये पहिला डोस ठेवलेला असेल तर तो आधी द्या, बदली व्हायल नंतर भरा. आपल्या पेशंटला मेरोपेनेम १ ग्रॅम ठरलं. २० मिली स्टराइल वॉटरमध्ये विरघळवून पाच मिनिटांत हळूहळू देता येतं. १०.३५ ला दिलं. सेफ्ट्रायॅक्सोन ठरलं असतं तर एक पथ्य: त्यात आणि आरएलमधल्या कॅल्शियममध्ये खडे धरतात, म्हणून चालू आरएलच्या लाइनमधून ते द्यायचं नाही. दुसऱ्या लाइनमधून द्या, किंवा आरएल बंद करून लाइन एनएसने नीट फ्लश करून मग. ‘ऑर्डर दिली’ ती वेळ लिहू नका, सुई टोचली ती वेळ लिहा.

दुसऱ्या सिस्टरने दरम्यान कॅथेटर घातलं होतं. घालतानाच ताजी लघवी कल्चरला पाठवायची, युरोबॅगमधली चालत नाही. निघालेली ६० मिली गढूळ लघवी ही संध्याकाळपासून साठलेली, ती ओतून बॅग शून्यावर आणा आणि मग तास मोजा. किलोमागे अर्धा मिली, म्हणजे यांना तासाला निदान २७ मिली हवी.

१०.४५ नंतर

पहिली बाटली संपली. बीपी ९६/५८, सरासरी ७१. श्वास २४, छाती साफ. लॅक्टेट ३.६ आलं. दुसरी बाटली सुरू. बीपी वर आलं म्हणून इथे ढिलं पडायचं नाही. पहिला तास दर पंधरा मिनिटांनी सगळी निरीक्षणं, मग डॉक्टर सांगतील तसं. लॅक्टेट २ च्या वर होतं म्हणून दोन-एक तासांनी ते पुन्हा पाठवायचं, आणि ही आठवण आपणच करायची.

सलाईन जात असताना किंवा दिल्यावरही सरासरी ६५ च्या खाली राहिली, तर नॉरॲड्रिनलिन लागतं. ते सेंट्रल लाइनसाठी अडवून ठेवत नाहीत, कोपराच्या किंवा त्याच्या वरच्या चांगल्या व्हेनमधून थोड्या वेळासाठी सुरू करतात. वॉर्डात सुरू झालंच तर ती जागा सतत उघडी ठेवून बघायची. सूज, पांढरटपणा, दुखणं दिसलं की थांबवून हाक मारा, औषध बाहेर झिरपलं तर कातडी काळी पडते. अशा पेशंटची जागा आयसीयूत. तुमच्याकडे आयसीयू नसेल तर १०८ ला फोन याच वेळी व्हायला हवा, तिसरी बाटली संपल्यावर नाही.

आणि इन्फेक्शनचं मूळ. गळू असेल तर ते फोडावं लागतं, इन्फेक्शन झालेली सेंट्रल लाइन काढावी लागते. आपल्या पेशंटच्या सोनोग्राफीत उजव्या मूत्रनलिकेत खडा अडकून किडनी फुगलेली निघाली. वर तुंबलेला पू असताना नुसत्या मेरोपेनेमवर त्या सुधारणार नव्हत्या. युरॉलॉजिस्टना बोलावून डीजे स्टेंट टाकायचं ठरलं. सिस्टर म्हणून आपण करायचं ते एवढं: उपाशी ठेवणं, संमतीपत्र, रक्तगट, आणि ‘सोनोग्राफी सकाळी करू’ असं कोणी म्हणालं तर डॉक्टरांना तिथेच विचारणं, “सर, कुशीत दुखतंय आणि बीपी पडलंय, आत्ता होईल का?”

सकाळच्या हँडओव्हरला ‘बेड ११, सेप्सिस, ट्रीटमेंट चालू’ एवढ्यावर भागत नाही. कितीला ओळखलं, कल्चर किती आणि कुठून, अँटिबायोटिक कितीला गेलं आणि पुढचा डोस कितीला, एकूण पाणी किती गेलं, तासाची लघवी किती, पहिलं आणि दुसरं लॅक्टेट. कल्चरचा पहिला रिपोर्ट साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. पेशंट तोवर आयसीयूत गेलेला असतो आणि रिपोर्ट जुन्या वॉर्डाच्या खोक्यात पडून राहतो. म्हणून फॉर्मवर नवा बेड नंबर लिहून लॅबला फोन करा, आणि रिपोर्ट आयसीयूच्या सिस्टरच्या हातात पडला का ते विचारून घ्या.